घास चावताना कळ येते, पण दाढ सापडत नाही: तडा गेलेल्या दाढेचं दुखणं

तुम्ही निवांत जेवत आहात. भाकरी, आमटी, भात सगळं ठीक चाललं आहे. मध्येच एखादा शेंगदाण्याचा तुकडा किंवा भाकरीतली कच दाढेखाली येते आणि सुरी खुपसावी तशी कळ जाते. क्षणभर डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि मग काहीच नाही. पुढचा घास तुम्ही घाबरत त्याच बाजूने चावून बघता, तर दुखत नाही. आरशात बघता, तर कीड नाही, सूज नाही. दोन दिवस जातात आणि पुन्हा तसंच होतं. मग नकळत तुम्ही त्या बाजूने चावणंच सोडून देता.

हे वर्णन तुम्हाला ओळखीचं वाटत असेल, तर तुमच्या एखाद्या दाढेला बारीक तडा गेलेला असू शकतो. दंतवैद्यकात याला ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ म्हणतात. हे नाव १९६४ पासून वापरात आहे, पण दुखणं त्याहून कितीतरी जुनं असणार, कारण माणूस दाढेने सुपारी फोडतो आहे तेव्हापासून दाढा तडकतच असतील. या दुखण्यात उपचारापेक्षा दाढ शोधणं अवघड असतं. चुकीच्या दाढेवर उपचार होऊन खरी दाढ तशीच राहिलेले पेशंट माझ्याकडे दर वर्षी येतात. म्हणून या लेखात मी जास्त वेळ शोधण्यावरच घालवणार आहे.

सोयीसाठी एका पेशंटची हकीकत सोबत घेऊ. या बाई शाळेत शिक्षिका, वय ४६. डाव्या बाजूला चावताना चार महिन्यांपासून अधूनमधून कळ येत होती. आधी एका ठिकाणी दात साफ करून झाले, संवेदनशील दातांची टूथपेस्ट झाली. मग दुसऱ्या ठिकाणी वरच्या डाव्या दाढेतलं जुनं सिमेंट काढून नवीन भरलं. दुखणं जागच्या जागी. माझ्याकडे आल्या तेव्हा हातात तीन एक्स-रे होते आणि तिन्ही स्वच्छ होते. खुर्चीवर बसताच त्या म्हणाल्या, “डॉक्टर, घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. तुम्हालाही तसंच वाटत असेल तर आत्ताच सांगा.”

मनाचे खेळ नव्हते. कोणतं दुखतं ते त्यांना सांगता येत नव्हतं, यालाही शरीरातलं सरळ कारण होतं.

बोट ठेवून दाखवता का येत नाही?

दाढ बाहेरून आत तीन थरांची असते. वर एनॅमल, म्हणजे शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याच्या आत डेंटिन, आणि मधोमध पोकळीत पल्प, ज्याला आपण बोलताना ‘दाताची नस’ म्हणतो. दाढेची मुळं हाडाला थेट चिकटलेली नसतात. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो आणि दाढ त्या थरात जणू झोळीत बसवल्यासारखी असते.

दातांचं स्पर्शज्ञान या तंतूंच्या थरात असतं. जेवताना घासात केस आला तर तो कोणत्या दातांमध्ये आहे हे आपल्याला लगेच कळतं, इतका हा थर तरबेज आहे. पल्पमध्ये मात्र जागा सांगणारी ही यंत्रणा नसते. तिथल्या नसा ‘दुखतंय’ एवढंच कळवतात. त्यातही वरच्या आणि खालच्या जबड्यातल्या दातांकडून येणारे संदेश मेंदूकडे जाताना पुढे एकाच टप्प्यावर एकत्र येतात. त्यामुळे खालच्या दाढेचं दुखणं वरच्या दाढेत, कधी कानात, कधी कानशिलात भासतं. एवढं मात्र बहुतेक वेळा पक्कं असतं, की दुखणं डावं-उजवं बदलत नाही. डाव्या दाढेची कळ डाव्याच बाजूला राहते.

तडा ताजा असतो तेव्हा त्रास पल्पलाच होत असतो आणि मुळाभोवतीचे तंतू निरोगी असतात. म्हणून दुखतं खरं, पण पत्ता मिळत नाही. पुढे सूज मुळाच्या टोकापर्यंत पोचली की ते तंतू दुखू लागतात, दाढेवर नुसतं ठोकलं तरी कळतं आणि पेशंट बरोबर बोट ठेवतो. पण तोवर बहुधा उशीर झालेला असतो. म्हणजे दाढ वाचवायला सर्वांत सोपी असते तेव्हाच ती सापडायला सर्वांत कठीण असते.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. चावताना वरची आणि खालची अशा दोन दाढा एकाच वेळी कामाला लागतात. कळ आली त्या क्षणी दोघीही तिथेच हजर असतात. वरची की खालची, हे चावण्यावरून ठरवणं पेशंटला जवळजवळ अशक्य असतं. आमच्या शिक्षिकाबाईंच्या वरच्या दाढेतलं सिमेंट बदललं गेलं ते याच घोटाळ्यातून.

चावताना नव्हे, दाब सोडताना

या दुखण्याची एक खूण अशी आहे की ती दुसऱ्या आजारात सहसा सापडत नाही. पुष्कळ पेशंटना चावताना जेवढं दुखतं त्यापेक्षा दाब सोडताना जास्त दुखतं. नीट लक्ष दिलं तर तुम्हालाही हा फरक कळेल.

डेंटिन दिसायला भरीव असलं तरी त्यात पल्पपासून बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नळ्या असतात आणि त्या द्रवाने भरलेल्या असतात. तडा गेलेल्या दाढेवर कठीण कण दाबला गेला की तड्याच्या दोन्ही बाजू किंचित फाकतात. दाब गेला की त्या चटकन पुन्हा जुळतात. या उघडझापीमुळे नळ्यांतला द्रव झटक्यात हलतो आणि त्या हालचालीने पल्पच्या कडेच्या जलद संदेश नेणाऱ्या नसा चेतवल्या जातात. त्यामुळेच कळ तीक्ष्ण असते आणि क्षणात जाते. थंड पाणी किंवा आइस्क्रीम लागल्यावर सणक जाते तीसुद्धा याच वाटेने.

दर वेळी का दुखत नाही, याचंही उत्तर इथेच आहे. तडा फाकायला दाब नेमक्या त्या उंचवट्यावर, नेमक्या त्या कोनात यावा लागतो. मऊ पोळीचा घास सगळ्या दाढेवर सारखा पसरतो, त्याने तडा फाकत नाही. फुटाणा, चिक्कीतला दाणा, पेरूची बी, मटणातली हाडाची चीप हे सगळे एकाच बिंदूवर दाबतात. त्यामुळे भात-पोळीचं जेवण आरामात होतं आणि भेळेतल्या एका कुरमुऱ्याआडच्या दाण्याने जीव जातो.

कोणाच्या दाढा तडकतात?

चाळिशीच्या आसपास आणि त्यापुढे हे जास्त दिसतं. दाढ वर्षानुवर्षं तोच भार झेलत असते आणि वयाबरोबर तिची लवचीकता कमी होते. ज्यांच्या दाढांत मोठी जुनी फिलिंग आहेत, विशेषतः पूर्वी ‘चांदी भरणं’ म्हणायचे ती, त्यांची दाढ आतून पोखरलेल्या भिंतीसारखी असते. रात्री झोपेत दात खाण्याची किंवा दिवसा ताणात जबडा आवळण्याची सवय हे मोठं कारण आहे. त्यात आपल्याकडच्या सवयी: अडकित्ता बाजूला ठेवून सुपारी दाढेने फोडणं, खडीसाखर कडाकडा चावणं, नळीचं हाड फोडणं, ग्लासातला बर्फ चावणं. कधी एवढंही लागत नाही. पोह्यातला एक खडा पुरतो.

सर्वांत जास्त बळी पडतात त्या खालच्या मोठ्या दाढा. खलबत्ता आठवा. वरच्या मोठ्या दाढेचा आतला, टाळूकडचा उंचवटा बत्त्यासारखा खालच्या दाढेच्या मधल्या खळग्यात बसतो. दर घासाला बत्ता खलात आपटतो. खल मधून पोखरून त्यात सिमेंट किंवा चांदी भरलेली असेल, तर तो कुठे चिरणार हे सांगायला नको. शिक्षिकाबाईंच्या डाव्या बाजूला खालच्या पहिल्या मोठ्या दाढेत सोळा-सतरा वर्षांपूर्वीची चांदी होती. “ती तर कधी दुखलीच नाही,” असं त्या म्हणाल्या. पण माझं लक्ष तिथेच गेलं होतं.

एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे तडा नाही, असं नाही

पेशंटचा सर्वांत मोठा गैरसमज हा आहे. मोठ्या दाढांमधला तडा बहुतेक वेळा पुढून मागे, म्हणजे ओठांकडून घशाकडे अशा दिशेने जातो. एक्स-रेचे किरण गालाकडून जिभेकडे जातात. एखादा पातळ पारदर्शक कागद कडेकडून बघितला तर रेघ दिसते, समोरून बघितला तर आरपार दिसतं आणि कागद आहे हेच कळत नाही. एक्स-रे हा तडा नेहमी समोरून बघतो. शिवाय तडा इतका बारीक असतो की दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या असतात. थ्री-डी स्कॅन काढला तरी इतका बारीक तडा त्यातून निसटू शकतो, आणि दाढेत चांदी किंवा धातूची कॅप असेल तर तिच्या सावल्यांमुळे चित्र आणखी बिघडतं.

तरीही एक्स-रे काढावाच लागतो. कीड, मुळाच्या टोकाची सूज, हाडाची झीज हे सगळं आधी बाजूला काढायचं असतं. फक्त ‘एक्स-रेत काही नाही’ या वाक्याला ‘दाढेत काही नाही’ असं समजू नका.

मग दाढ सापडते कशी?

सुरुवात बोलण्यातून होते. तेव्हाचे प्रश्न तुम्हाला फालतू वाटतील, पण त्यांचीच सर्वांत जास्त मदत होते. काय खाताना दुखलं? दाबताना की सोडताना? थंडाने सणक जाते का, आणि थंड बाजूला केल्यावर किती सेकंद राहते? गरम लागल्याने दुखतं का? रात्री आपोआप ठणका लागतो का? शिक्षिकाबाईंची उत्तरं अशी होती: दाणे आणि चिवडा खाताना, बहुतेक सोडताना, थंडाने चार-पाच सेकंद, गरमाने नाही, रात्री शांत झोप. यातली शेवटची तीन उत्तरं ऐकून मला हायसं वाटलं, कारण त्यांचा अर्थ पल्प चिडला आहे पण अजून सावरू शकेल असा होता.

त्यानंतर चावण्याची चाचणी. यासाठी प्लॅस्टिकचं एक छोटं साधन मिळतं. त्याचं टोक छोट्या पिरॅमिडसारखं असतं आणि त्यावर दाढेचा एकच उंचवटा बसेल असा खळगा असतो. दुसरी बाजू सपाट असते, म्हणजे समोरच्या जबड्यात दाब पसरतो. एकेका दाढेचा एकेक उंचवटा घ्यायचा. मोठ्या दाढेला असे चार-पाच असतात. पेशंटला हळूहळू दाबायला सांगायचं, थोडं धरून ठेवायचं आणि मग एकदम सोडायचं. कंटाळवाणं काम आहे. बाईंच्या वरच्या तिन्ही दाढा झाल्या, काही नाही. खालच्या पहिल्या दाढेचे तीन उंचवटे झाले, काही नाही. जिभेकडच्या मागच्या उंचवट्यावर त्यांनी दाबलं, धरलं, सोडलं आणि खुर्चीचा हात घट्ट पकडला. “हीच! हीच ती कळ!”

एकदा आलेल्या कळीवर मी विसंबत नाही. शेजारच्या दोन दाढा करून पुन्हा त्याच उंचवट्यावर आलो, आपण कुठे दाबतोय ते न सांगता. पुन्हा तीच कळ. दुखणं मुद्दाम जागं करणारी ही चाचणी पेशंटला क्रूर वाटते. शिवाय आधीच कमकुवत झालेला तुकडा यात तुटूही शकतो. ते आधी सांगणं डॉक्टरचं काम आहे आणि विचारणं तुमचा हक्क.

घरी मात्र हा प्रयोग करू नका. पेन्सिल किंवा सुपारी चावून ‘कुठे दुखतं बघू’ असं करताना तडा वाढवून घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

एवढं करूनही वरची की खालची हे ठरत नसेल, तर एकाच जबड्याला भूल देऊन बघता येतं. भूल दिल्यावर चावताना कळ गेली, तर गुन्हेगार त्याच जबड्यात आहे.

नंतर हिरडीची तपासणी. दाढ आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत खुणा असलेली बारीक सळी सगळीकडून फिरवतात. निरोगी हिरडीत ती साधारण दोन-तीन मिलिमीटर आत जाते. सगळीकडे तेवढीच जाते आणि एकाच अरुंद जागी अचानक सात-आठ मिलिमीटर उतरते, असं झालं तर तडा मुळावर उतरल्याची शंका येते आणि दाढेचं भविष्य एकदम अंधुक होतं. बाईंची सळी सगळीकडे तीनच्या आत राहिली.

उरला प्रत्यक्ष पुरावा. त्यासाठी जुनं फिलिंग काढावं लागतं, कारण तडा बहुधा त्याच्याखाली दडलेला असतो. भूल देऊन, दाढेभोवती रबराचा पडदा लावून चांदी काढली. खाली डेंटिनवर मागच्या कडेपासून जिभेकडच्या उंचवट्याच्या पायथ्याशी जाणारी एक तपकिरी रेघ होती. मग दिवे मंद करून प्रखर बारीक प्रकाश दाढेला बाजूने लावला. सगळ्यांच्याच दातांवर वयानुसार एनॅमलमध्ये केसासारख्या रेषा येतात. त्या निरुपद्रवी असतात आणि प्रकाश त्यांच्यातून पलीकडे जातो. डेंटिनमध्ये उतरलेला तडा मात्र प्रकाश अडवतो: अलीकडची बाजू कंदिलासारखी उजळते आणि पलीकडची काळी राहते. बाईंच्या दाढेत ही सीमारेषा अगदी स्पष्ट होती. मोबाइलने फोटो काढून त्यांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “हा घरी दाखवते.” कधी निळा रंग लावूनही तडा ठळक करतात. भिंग किंवा मायक्रोस्कोप असेल तर अर्धं काम सोपं होतं.

इथे या तपासणीची एक मर्यादा सांगायलाच हवी. तडा कुठून सुरू होतो हे आम्ही दाखवू शकतो. तो कुठे संपतो हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. तडा शेवटपर्यंत कोरत जायचं ठरवलं तर पल्प उघडा पडू शकतो, म्हणून एका टप्प्यावर थांबावंच लागतं.

तडा भरून येत नाही, बांधून ठेवावा लागतो

हाड मोडलं तर जुळतं, कारण त्यात जिवंत पेशी आणि रक्तपुरवठा असतो. एनॅमलमध्ये पेशीच नसतात. त्यामुळे दाढेचा तडा औषधाने किंवा विश्रांतीने भरून येत नाही. उपचाराचा हेतू एकच असतो: चावताना दोन्ही बाजू फाकणार नाहीत अशी दाढ बांधून ठेवणं. फुटायला आलेल्या लाकडी पिंपाला लोखंडी पट्टा ठोकतात, तसंच हे.

आम्ही पट्ट्यापासूनच सुरुवात केली. दातांना तारा लावताना दाढेभोवती स्टीलची जी कडी बसवतात, तशीच मापाची कडी बाईंच्या दाढेला सिमेंटने बसवली, आत तात्पुरतं फिलिंग भरलं आणि समोरच्या दाढेशी होणारा दाब थोडा घासून कमी केला. यात दोन कामं होतात. दाढेला आधार मिळतो आणि निदानही तपासून होतं. कडी बसल्यावर कळ थांबली तर दाढ बरोबर ओळखली. कडी असूनही थंडाचा त्रास वाढत गेला, तर पल्प सावरत नाही हे महागडी कॅप बसवण्याआधीच कळतं. कडीऐवजी तात्पुरती कॅप किंवा दाढेवर चिकटवलेला कॉम्पोझिटचा थरही चालतो. मी साधारण तीन आठवडे थांबतो. पेशंटना ही दिरंगाई वाटते, पण मला हे तीन आठवडे फार मोलाचे वाटतात.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला, की दाणे खाल्ले आणि काही झालं नाही. खरं तर दाणे खाऊ नका असं सांगितलं होतं. तीन आठवड्यांनी थंडाची सणकही जवळजवळ गेली होती. मग कडी काढून सगळे उंचवटे झाकणारी झिर्कोनियाची कॅप बसवली. दाढेची भिंत चांगली शाबूत असेल तर पूर्ण कॅपऐवजी फक्त वरचा भाग झाकणारं ऑनले पुरतं आणि दाढ कमी घासावी लागते. एखादा उंचवटाच तुटून निघाला असेल तर कधी नुसतं फिलिंग करूनही भागतं. पण तडा तसाच ठेवून वर साधं फिलिंग भरणं, म्हणजे पट्टा न ठोकता पिंपाची फट रंगवणं. थोडे दिवस बरं वाटतं, एवढंच.

कॅप बसली तरी गोष्ट संपेलच असं नाही

कॅप बसवून अडीच महिने झाल्यावर बाई पुन्हा आल्या. या वेळी तक्रार वेगळी होती. चावताना काही नाही, पण गरम चहाने ठणका सुरू व्हायचा आणि पाच-दहा मिनिटं राहायचा. आदल्या रात्री त्याच दुखण्याने जाग आली होती. याचा अर्थ पल्प हरला होता. तडा बांधण्याआधीच्या चार महिन्यांत त्यातून जंतू आत शिरलेले असतात. काही पल्प त्यातून सावरतात, काही नाही, आणि कोणता सावरेल हे आधी ओळखण्याची खात्रीची चाचणी आज तरी आमच्याकडे नाही. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पल्प सावरेल असं वाटून कॅप बसवलेल्या १२७ तडकलेल्या दाढांपैकी २७ दाढांना सहा महिन्यांच्या आत रूट कॅनालची गरज पडली. म्हणजे साधारण पाचात एक. हा आकडा मी कॅप बसवण्याआधीच सांगतो. नंतर सांगितला तर तो सबबीसारखा ऐकू येतो.

मग सगळ्यांचंच आधी रूट कॅनाल का करू नये? असं विचारणारे पेशंट असतात आणि तसं करणारे डॉक्टरही. पण याच हिशोबात पाचातल्या चार दाढांचा पल्प विनाकारण काढला जाईल. रूट कॅनाल करताना दाढ आतून आणखी कोरावी लागते, म्हणजे तडकलेली दाढ आणखी पोकळ होते. थंडाची सणक रेंगाळत नसेल आणि आपोआप ठणका नसेल, तर मी थांबून बघण्याच्या बाजूचा आहे.

बाईंचं रूट कॅनाल कॅपमध्ये छोटं छिद्र पाडून त्यातूनच केलं. यातही बघायची गोष्ट एकच होती, ती म्हणजे पल्पच्या पोकळीच्या तळावर तडा पोचला आहे का. मायक्रोस्कोपखाली तो मागच्या भिंतीवर दिसला, पण तळावर उतरलेला नव्हता. तळावरून आडवा गेला असता, तर दाढ काढण्याबद्दल बोलावं लागलं असतं. दाढेचे दोन भाग एकमेकांपासून वेगळे हलायला लागले, तर मग कोणतीही कॅप तिला वाचवू शकत नाही. तिथे रूट कॅनालवर पैसे घालवू नका, असं स्पष्ट सांगणारा डॉक्टर तुमच्या भल्याचं बोलत असतो.

त्या दाढेला आता दोन वर्षं झाली आहेत. रात्री दात खाण्याची सवय होती, म्हणून झोपताना घालायचा नाइट गार्ड दिला आहे. तो त्या ‘बहुतेक रात्री’ घालतात.

तुम्हाला असं दुखत असेल तर

दवाखान्यात जाण्याआधी आठवडाभर एका कागदावर टिपून ठेवा: काय चावताना दुखलं, दाबताना की सोडताना, थंड-गरमाने किती सेकंद. शक्य असेल तर तपासणीच्या दिवशी वेदनाशामक गोळी घेऊन जाऊ नका, कारण गोळीने चाचणीची उत्तरं फसवी येतात. तपासणी होईपर्यंत दुसऱ्या बाजूने चावा आणि सुपारी, चिक्की, फुटाणे, बर्फ बंद ठेवा. प्रतिजैविकांच्या गोळ्या मागू नका. तडा फाकल्याने येणारी कळ त्यांनी थांबत नाही.

चावताना दुखणारी प्रत्येक दाढ तडकलेलीच असते असंही नाही. नुकतंच भरलेलं फिलिंग उंच राहिलं असेल तरी असंच दुखतं आणि ते दोन मिनिटांत घासून बरं होतं. सर्दीनंतर वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखत असतील आणि खाली वाकल्यावर जडपणा वाढत असेल, तर सायनसचा विचार करावा लागतो. गालाला नुसता वारा लागला, तोंड धुतलं किंवा दात घासले तरी विजेचा झटका बसावा तशी कळ गालभर जात असेल, तर ते बहुधा चेहऱ्याच्या नसेचं दुखणं असतं. त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायला हवं. याच दुखण्यात एकामागून एक निरोगी दाढा काढून घेतलेले लोक भेटतात, म्हणून निदान पक्कं होईपर्यंत दाढ काढायची घाई करू नका.

वाट बघू नये अशी वेळ मात्र वेगळी. गालावर किंवा हिरडीला सूज आली, ताप आला, तोंड नीट उघडेना किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. श्वास घ्यायला जड जात असेल, तर दवाखाना उघडण्याची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात जा.